लोकलमधील दोन प्रवासी आणि चित्रपटाची कात्री

डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणाऱ्या धीम्या लोकलमध्ये डाव्या खिडकीशी एक आजी आणि तिचा नातू समोरासमोर बसले आहेत, अशी कल्पना करा. आजीचे तोंड गाडीच्या दिशेला, नातवाची पाठ त्या दिशेला. दोघांचे संभाषण चित्रपटात दाखवायचे आहे. पडद्यावर कधी आजीचा चेहरा दिसेल, कधी नातवाचा. हे तुकडे बहुधा वेगवेगळ्या वेळी चित्रित होतात. आधी आजीचे सारे, मग दिव्यांची जागा बदलून नातवाचे. तरीही पाहताना आपल्याला वाटते, की बोलणे सलग चालले आहे. हे कसे साधते?

दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक रेषा मनात काढा. कॅमेरा मधल्या वाटेत, खिडकीकडे तोंड करून ठेवला, तर आजी पडद्यावर उजवीकडे पाहताना दिसते आणि नातू डावीकडे. चेहरे एकामागून एक दाखवले तरी नजरा एकमेकींना भिडतात. कॅमेरा कितीही पुढेमागे सरकवा. तो रेषेच्या याच बाजूला असेपर्यंत दिशा बदलत नाहीत.

आता नातवाचे चित्रण वाटेतूनच केले, पण आजीसाठी कॅमेरा खिडकीशी नेला, तर काय होईल? (चौथ्या सीटवर कसाबसा टेकलेला प्रवासी तेवढ्याने खूश होईल, हे खरे!) आजीदेखील डावीकडेच पाहताना दिसेल. दोघे एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कोणाशी बोलत आहेत, असा भास होईल. लोकलमध्ये ही चूक आणखी एका गोष्टीने उघडी पडते. वाटेतून पाहताना खिडकीबाहेरचा देखावा पडद्यावर उजवीकडून डावीकडे सरकतो. उलट बाजूने पाहिले, की समोरच्या खिडक्यांतला देखावा डावीकडून उजवीकडे पळू लागतो, आणि मुंब्र्याजवळ नातवामागे पारसिकचा डोंगर तर आजीमागे खाडी दिसते. गाडीच जणू क्षणात उलटी फिरली!

नजरेची उंचीही जुळावी लागते. नातू उभा राहिला, तर आजीने वर पाहिले पाहिजे. चित्रणाच्या वेळी नातवाचे काम करणारा मुलगा तेथे नसेल, तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी खूण करतात आणि आजी तिकडे पाहून बोलते. ही खूण भिंगापासून किती दूर आहे, तेही महत्त्वाचे. एकाची नजर भिंगाला खेटून आणि दुसऱ्याची फार बाजूला गेली, तरी भेट चुकते.

समजा, मुंब्रा सोडल्यावर नातू फळीवरची पिशवी काढायला उठतो. पहिल्या शॉटमध्ये दोघे दिसतात, दुसऱ्यात जवळून फक्त नातू. कात्री कोठे चालवावी? तो उठण्यापूर्वी चित्र बदलले, तर स्थिर चित्राच्या जागी दुसरे स्थिर चित्र येते आणि बदल डोळ्यांत खुपतो. म्हणून संकलक त्याला उठू देतो. सेकंदाला 24 चित्रचौकटी असतात. उठायला एक सेकंद लागत असेल, तर त्याने बाकावरून अंग उचलले की, म्हणजे आठव्या चौकटीच्या सुमारास, पहिला शॉट तोडतात आणि दुसरा त्याच स्थितीपासून जोडतात. आपली नजर हालचालीमागे धावत असते आणि हालचाल तर पुढे चालूच राहते, त्यामुळे सांध्याकडे लक्ष जात नाही. नव्या चित्रावर नजर स्थिरावण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणून काही संकलक दुसऱ्या शॉटमध्ये हालचालीच्या दोन-तीन चौकटी पुन्हा दाखवतात. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन या संशोधकांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना मुद्दाम असे सांधे शोधायला सांगितले होते. तरी बरेच निसटले, आणि हालचालीवर केलेले सर्वांत जास्त निसटले.

मात्र यासाठी नातवाने उठण्याची क्रिया दोन्ही वेळा पूर्ण करायला हवी. एकदा उजवा हात वर आणि एकदा डावा असेल, किंवा एकदा झटकन आणि एकदा सावकाश उठला असेल, तर संकलकाला जोडण्याजोगी चौकट सापडतच नाही.

वर्गात दोन बाक समोरासमोर ठेवून मोबाइलने हा प्रयोग करता येईल. चित्रफीत आवाज बंद करून पाहा. शब्दांचा आधार नसताना चुकलेली नजर लगेच कळते.

रेषा कधीच ओलांडू नये, असे नाही. प्रेक्षकांच्या देखत कॅमेरा फिरत पलीकडे गेला, किंवा पात्रानेच जागा बदलली, तर गोंधळ होत नाही. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू तर ही रेषा सर्रास ओलांडत असे. बोलणारी दोन्ही माणसे एकाच दिशेला पाहताना दिसत, पण शांत खोलीत कोण कोठे बसले आहे हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. खिडकीबाहेर धावणारा डोंगर तेथे नव्हता.