विश्लेषण : ब्रॅकेट एकच, मग एका महिन्यात ७२ रुपये आणि दुसऱ्या महिन्यात ८४ का?

पत्र्याची किंमत तीच, कामगार तेच, मशीनही तीच. तरी महिना मंदीचा गेला की नगाचा उत्पादन खर्च वाढलेला दिसतो. अनेक छोट्या कारखान्यांच्या हिशेबात हे घडते. गडबड कुठे होते, ते एका उदाहरणाने पाहू.

माल स्टोअरमधून निघतो तेव्हा…

समजा, भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपला १,००० ब्रॅकेटची ऑर्डर मिळाली. जॉब कार्ड उघडले गेले आणि इश्यू स्लिपवर ६०० किलो पत्रा स्टोअरमधून निघाला. किलोला ७० रुपयांनी त्याचे ४२,००० रुपये झाले. ही रक्कम खर्चात जात नाही. ती कच्च्या मालाच्या खात्यातून 'चालू काम' या खात्यात सरकते. कापताना उरलेला १०० किलो स्क्रॅप ३० रुपये दराने विकला जातो. ते ३,००० रुपये वजा केले की मालाचा खर्च ३९,००० रुपये उरतो.

इथेच एक पडताळणी करता येते. एका ब्रॅकेटचे वजन अर्धा किलो. म्हणजे १,००० नगांचे ५०० किलो आणि स्क्रॅपचे १०० किलो मिळून ६०० व्हायला हवेत. हा मेळ बसला नाही, तर एखादी स्लिप चुकली आहे किंवा पत्रा दुसऱ्याच जॉबला लागला आहे.

मजुरी आणि ओव्हरहेड कसे चढतात?

मजुरी टाइम कार्डावरून येते. या जॉबला १२० तास लागले. तासाला १०० रुपये धरून १२,००० रुपये झाले.

शेडचे भाडे, प्रेसचा घसारा आणि सुपरवायझरचा पगार मात्र कोणत्याच एका ब्रॅकेटचा नसतो. हा खर्च महिन्याला १,२०,००० रुपये आहे आणि प्रेस साधारण ४०० तास चालते. म्हणजे तासाला ३०० रुपये. विजेचा खर्च मशीन चालेल तसा वाढतो. त्याचे ५० रुपये मिळवून दर ३५० रुपये झाला. जॉबला ६० मशीन-तास लागले, म्हणून २१,००० रुपये त्याच्या कार्डावर चढले.

एकूण ७२,००० रुपये, म्हणजे नगाला ७२. क्वालिटीने माल पास केला की ही रक्कम चालू कामातून 'तयार माल' खात्यात जाते. विक्री झाली की मगच ती खर्च म्हणून नफा-तोटा पत्रकात येते. ऑफिसचा आणि विक्रीचा खर्च मात्र या ७२ रुपयांत धरत नाहीत.

मग ८४ कुठून आले?

पुढच्या महिन्यात काम कमी आले. प्रेस फक्त २४० तास चालली. हिशेबनिसाने तेच १,२०,००० रुपये २४० ने भागले आणि दर ५०० झाला. विजेसह ५५०. तशाच ६० तासांच्या जॉबवर आता ३३,००० रुपये चढले. एकूण ८४,००० रुपये, नगाला ८४. मशीन रिकामी उभी राहिल्याचा खर्च ब्रॅकेटवर लादला गेला.

यातून दोन नुकसाने होतात. पहिले कोटेशनमध्ये. ८४ वर नफा धरून भाव कळवला की ऑर्डर शेजारच्या शॉपला जाते. मग प्रेस २०० तासच चालते, दर ६०० होतो आणि पुढचे कोटेशन आणखी महागते. दुसरे नुकसान शिलकी मालात. ५०० नग गोदामात उरले, तर त्यांची किंमत ३६,००० ऐवजी ४२,००० दिसते. कागदावरचा नफा ६,००० रुपयांनी फुगतो.

नियम काय सांगतो?

शिलकी मालाच्या मूल्यांकनासाठी असलेले 'एएस-२' हे लेखा मानक याबाबत स्पष्ट आहे. स्थिर ओव्हरहेड सर्वसाधारण क्षमतेवर वाटायचे. उत्पादन घटले म्हणून नगावरचा बोजा वाढवायचा नाही. म्हणजे २४० तासांच्या महिन्यातही दर ३०० च राहील. ७२,००० रुपये जॉबवर चढतील आणि उरलेले ४८,००० थेट त्याच महिन्याच्या नफा-तोटा पत्रकात जातील. महिन्याचा निकाल खराब दिसेल, पण तो मंदीमुळे खराब आहे, ब्रॅकेटमुळे नाही, हे मालकाला कळेल.

सर्वसाधारण क्षमता म्हणजे मशीन जास्तीत जास्त किती चालू शकते ते नव्हे. मेंटेनन्सचा वेळ वगळून नेहमीच्या परिस्थितीत काही वर्षे सरासरी किती काम झाले, ती ही क्षमता. ४०० ऐवजी ६०० तास धरले तर दर २०० वर येईल आणि कोटेशन स्वस्त पडेल, पण भाडे त्यातून वसूल होणार नाही.

महिनाअखेर काय पाहावे?

चालू कामाच्या खात्यात जितकी रक्कम दिसते, तितके अर्धवट काम शॉप फ्लोअरवर प्रत्यक्ष असायला हवे. बंद झालेल्या जॉब कार्डावर शिल्लक दिसत असेल, तर तयार मालाकडे पाठवायची नोंद राहून गेली आहे. आणि न चढलेले ओव्हरहेड सलग काही महिने मोठे राहत असेल, तर क्षमतेचा आकडाच तपासावा लागतो.