पीक कापणीच्या नोंदीत एक शून्य जास्त पडलं तर? मंडळाचा आकडा असा तपासा

“आमच्याकडं सोयाबीन एकरी साडेतीन क्विंटलच्या वर गेलं नाही, मग मंडळाची सरासरी एकरी सात क्विंटल कशी आली?” विम्याची यादी लागली की असा प्रश्न पारावर हमखास निघतो. याची कारणं बरीच असू शकतात. पण एक कारण असं आहे, की ते कोणताही शेतकरी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत तपासू शकतो. ते म्हणजे आकडा भरताना पडलेलं एक जास्तीचं शून्य.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई एकट्या शेतकऱ्याच्या शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळात त्या पिकाच्या काही शेतांची निवड होते आणि तिथं पीक कापणी प्रयोग घेतले जातात. त्या प्रयोगांच्या सरासरीवरून मंडळाचं उत्पादन ठरतं. ते ‘उंबरठा उत्पादना’पेक्षा कमी आलं तरच मंडळातल्या विमाधारकांना पैसे मिळतात. उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात आणि त्याला जोखीमस्तराच्या टक्क्यानं गुणतात. महाराष्ट्रात खरीप २०२५ पासून भरपाईचा मुख्य भार या कापणी प्रयोगावर आला आहे. म्हणून तिथला एकेक आकडा महत्त्वाचा.

प्लॉटमधून मंडळापर्यंत आकडा कसा जातो?

निवडलेल्या शेतात ठरलेल्या मापाचा चौकोन आखतात. इथं १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरचा प्लॉट धरू. जमीन साधारण अर्धा गुंठा झाली. त्यातलं पीक कापायचं, मळायचं, दाणे वजन करायचे आणि वजन नोंदवायचं. माल ओला असेल तर वाळल्यावरच्या वजनाचाही हिशोब होतो. एका हेक्टरमध्ये असे २०० प्लॉट बसतात. म्हणून प्लॉटमधल्या किलोला २००ने गुणलं की हेक्टरी उत्पादन मिळतं.

आपण एकरात बोलतो, म्हणून सोपा हिशोब असा धरा: प्लॉटमधल्या किलोला ८०ने गुणलं की एकरी किलो येतात. प्लॉटमध्ये ५ किलो निघालं, तर एकरी ४०० किलो, म्हणजे ४ क्विंटल.

इथंच एक धोका लपलेला आहे. प्लॉटचं वजन लहान असतं, चार-पाच किलोचं. त्यात एक शून्य जास्त पडलं किंवा दशांश टिंब दिलं गेलं नाही, तर ५ चे ५० होतात, ४.५ चे ४५ होतात. पुढे २००चा गुणाकार होतो आणि चूक दोनशेपट होऊन मोठ्या आकड्यात मिसळून जाते.

दहा प्रयोगांचं उदाहरण

समजून घ्यायला एका मंडळातले सोयाबीनचे दहा प्रयोग धरू. आकडे फक्त हिशोबासाठी घेतलेत. प्लॉटमध्ये निघालेले दाणे किलोमध्ये असे:

४.२, ३.८, ५, ४.५, ३.६, ४.८, ४, ४.४, ३.९, ४.८

बेरीज ४३ किलो. दहाने भागलं की सरासरी ४.३ किलो. हेक्टरी ८६० किलो, म्हणजे एकरी साधारण साडेतीन क्विंटल. पारावरचा माणूस बोलतो तेच.

आता तिसरी नोंद भरताना ५ ऐवजी ५० पडलं असं धरा. बाकी नऊ नोंदी बरोबर आहेत. बेरीज होते ८८ आणि सरासरी ८.८ किलो. हेक्टरी १७६० किलो, म्हणजे एकरी सात क्विंटलच्या थोडं वर. एका शून्यानं मंडळाचं उत्पादन दुपटीपेक्षा वर गेलं.

पैशाचं काय होतं तेही बघा. उंबरठा उत्पादन हेक्टरी १२०० किलो आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५४ हजार रुपये धरू. खरा आकडा ८६० आहे. तूट झाली ३४० किलो. भरपाईचा हिशोब असा: तूट भागिले उंबरठा, गुणिले विमा रक्कम. म्हणजे ३४० भागिले १२००, गुणिले ५४ हजार. येतात हेक्टरी १५ हजार ३०० रुपये. चुकीचा आकडा १७६० आहे, तो उंबरठ्याच्या वर. भरपाई शून्य. आणि हे एकट्या त्या शेतकऱ्याला नाही, तर मंडळातल्या सगळ्यांना.

सरासरीत चूक का दिसत नाही?

चुकीची नोंद एकटी पाहिली तर कुणीही हसेल. प्लॉटमध्ये ५० किलो म्हणजे एकरी ४० क्विंटल सोयाबीन! पण तीच नोंद बाकीच्या नऊमध्ये मिसळली की सरासरी एकरी सात क्विंटल दिसते. चांगल्या सालात एवढं येतं, म्हणून कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. ज्याच्या हातात फक्त सरासरीचा कागद आहे, त्याला ही चूक सापडणार नाही. त्यासाठी प्रयोगवार आकडे लागतात.

उलट बाजूनं चूक झाली तर काय? ५ च्या जागी ०.५ पडलं, तर बेरीज ३८.५ होते आणि सरासरी ३.८५. म्हणजे सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच घसरली. शून्य वाढलं की सरासरी दुप्पट, शून्य गळालं की दहावा हिस्सा कमी. म्हणून जास्तीचं शून्य शेतकऱ्याला जेवढं बुडवतं, तेवढं गळालेलं शून्य त्याला तारत नाही.

प्रयोग किती, यावरही धक्का ठरतो. सगळे आकडे साधारण सारखे असतील, तर एका जास्तीच्या शून्यानं चार प्रयोगांची सरासरी सव्वातीन पट होते, दहाची जवळपास दुप्पट आणि वीसची साधारण दीडपट. प्रयोग जेवढे कमी, तेवढी चूक भारी.

प्रयोगवार यादी मिळाली की काय करायचं?

आधी आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. वरच्या उदाहरणात शेवटचे आकडे ४.५, ४.८, ४.८ आणि मग एकदम ५० असे येतात. सगळ्यात मोठा आकडा त्याच्या आधीच्या आकड्याच्या जवळपास दहापट असेल, तर तिथं थांबा. मग त्याला दहाने भागून बघा. उत्तर बाकीच्यांच्या रांगेत नीट बसलं, जसं इथं ५ बसतं, तर शून्य जास्त पडल्याचा संशय पक्का होत जातो.

दुसरं, सरासरीपेक्षा किती प्रयोग खाली आहेत ते मोजा. साधारणपणे निम्मे खाली, निम्मे वर असतात, एखाद-दोन इकडंतिकडं. उदाहरणात सरासरी ८.८ आली आणि दहापैकी नऊ प्रयोग ५ च्या आतच आहेत. वर आहे तो एकटाच.

तिसरं, मधला आकडा बघा. लहान-मोठे लावल्यावर मधोमध येणारे दोन आकडे ४.२ आणि ४.४, त्यांच्या मधला ४.३. गंमत अशी की ५ चे ५० झाले तरी हा मधला आकडा ४.३ च राहतो, कारण मोठी नोंद आधीही टोकालाच होती. मधला आकडा ४.३ आणि सरासरी ८.८ असा दुपटीचा फरक दिसला, की कुठली तरी एक नोंद सरासरीला ओढतेय हे समजावं. मात्र भरपाई सरासरीवरच ठरते. मधला आकडा फक्त चूक ओळखायला वापरायचा.

मोठा आकडा म्हणजे चूकच, असं नाही

विहिरीचं पाणी, भारी जमीन, वेळेवर पेरणी असेल तर एखाद्या प्लॉटमध्ये ८-९ किलोही निघू शकतं. एकरी सात क्विंटल झालं, ते खरं असू शकतं. दुप्पट आकडा दिसला म्हणून कुणाच्या शेतावर संशय घेऊ नये. दहापटीचा आकडा मात्र जमिनीतून येत नाही.

दहाही आकडे एकदम फुगलेले असतील, तर ते शून्याचं प्रकरण नाही. तिथं प्लॉटचं माप चुकलं का, ओलं वजन तसंच धरलं का, हे विचारावं लागतं. आणि ३.६ ऐवजी ६.३ अशी अदलाबदल झाली असेल, तर ती या पद्धतीनं सापडत नाही. ती मूळ नोंदीशी ताडल्यावरच कळते.

पुरावा कुठं असतो?

कापणीच्या दिवशी वजन होतं तेव्हा शेतकरी, गावातल्या समितीचे सदस्य आणि प्रयोग घेणारे तलाठी, कृषी सहायक किंवा ग्रामसेवक हजर असतात. जागेवर भरलेल्या कागदावर वजन आणि सह्या असतात. मोबाईल ॲपवर माहिती भरताना फोटोही जातो. संशयाच्या नोंदीचा कागद आणि ॲपमधला आकडा शेजारी ठेवले, की चूक कुठं झाली ते उघड होतं. ज्याच्या शेतात प्रयोग झाला, त्यानं काट्यावरचा आकडा वहीत लिहून ठेवला आणि काट्याचा फोटो काढला, तर पुढचे कष्ट वाचतात.

यादी तालुका कृषी कार्यालयात लेखी मागता येते. मिळाली नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘सरासरी उत्पादन’ मागू नका. ‘आमच्या मंडळातील या पिकाच्या प्रत्येक कापणी प्रयोगाचं गाव, गट क्रमांक, प्लॉटचं माप, ओलं व सुकं वजन, आणि जागेवर भरलेल्या नमुन्याची प्रत’ असं लिहा.

चूक सापडली तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडं अर्ज द्यावा. ‘विमा मिळाला नाही’ एवढंच लिहिलं तर अर्ज ढिगात जातो. त्यापेक्षा ‘अमुक गावच्या प्रयोगात कागदावर ५ किलो, नोंदीत ५० किलो, दुरुस्त केल्यास मंडळाचं उत्पादन हेक्टरी १७६० वरून ८६० किलो होतं’ असं एका ओळीत मांडलं, की समितीला तपासायला नेमकी जागा मिळते. काही पिकांत उपग्रहावरून काढलेला अंदाजही आता हिशोबात धरतात. तिथं कापणीच्या चुकीचा धक्का थोडा कमी बसतो, पण चूक उरतेच. अर्ज लवकर द्यावा, कारण भरपाई जाहीर होण्याआधी आकडा दुरुस्त करणं सोपं असतं. नंतर तोच आकडा पुढच्या वर्षांच्या उंबरठा उत्पादनाच्या हिशोबातही जाऊन बसतो.