पहिल्या पाच मिनिटांत शेवटचा स्क्रीन

औषधांच्या घाऊक विक्रेत्याला बिलिंगचं सॉफ्टवेअर दाखवायला आलेला विक्रेता सहसा लॉगिनपासून सुरुवात करतो. मग कंपनी मास्टर, आयटम मास्टर, पार्टी मास्टर. त्यानंतर खरेदीची नोंद, विक्रीचं बिल, बिलाचे पाच नमुने, त्यावर लोगो कसा टाकायचा ते. विसाव्या मिनिटाला रिपोर्ट उघडतात आणि दीडशे रिपोर्टांची यादी वरपासून खालपर्यंत सरकवली जाते. मालक मध्येच एक फोन घेतो, बाहेर जाऊन एका पार्टीची ऑर्डर लिहून घेतो, परत येतो. शेवटी म्हणतो, "छान आहे. कोटेशन पाठवा, कळवतो." या 'कळवतो'नंतर बहुतेक वेळा काही कळत नाही.

सॉफ्टवेअर वाईट असतं असं नाही. मालकाला नेमकं काय छळतंय याचा त्या अर्ध्या तासात उल्लेखच झालेला नसतो. ते उत्तर दीडशे रिपोर्टांत कुठेतरी असतंही, पण ते शोधून काढायचं काम आपण ग्राहकावर टाकलेलं असतं.

नील रॅकहॅम यांचं 'स्पिन सेलिंग' हे पुस्तक १९८८ साली आलं. सुमारे ३५ हजार विक्री-भेटींच्या निरीक्षणावर ते उभं आहे. मोठ्या खरेदीत वैशिष्ट्यांची जंत्री वाचून दाखवली की ग्राहक किमतीकडे वळतो, असं त्यांना दिसलं. त्याने स्वतः बोलून दाखवलेल्या गरजेला थेट लागू पडणारी गोष्ट दाखवली, की तो पाठिंबा देऊ लागतो. यामागचं कारण समजायला अवघड नाही. न मागितलेल्या प्रत्येक सोयीसोबत 'याचे पैसे मी का भरू?' हा प्रश्न मनात जमा होत जातो.

म्हणून अर्ध्या तासाच्या डेमोचं खरं काम त्याच्या आधीच्या फोनवर होतं. समजा, सांगलीतल्या एका औषध स्टॉकिस्टने डेमो मागितला आहे. दोन दिवस आधी त्याच्याशी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. 'तुमच्या अपेक्षा काय?' असं विचारलं तर 'चांगलं सॉफ्टवेअर हवंय' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी कामाबद्दल विचारायचं. सध्या सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? गेल्या तिमाहीत कुठे पैसे अडकले? ते काम आता कोण करतं, कशावर करतं? हे असंच चालू राहिलं तर मार्चअखेर काय होईल?

या व्यवसायात असे प्रश्न विचारले की बऱ्याचदा गाडी ब्रेकेज-एक्स्पायरीवर येते. मुदत संपलेल्या स्ट्रिप्स मेडिकलवाले स्टॉकिस्टकडे परत करतात आणि स्टॉकिस्ट त्या कंपनीकडे पाठवून क्रेडिट नोट मागतो. पण प्रत्येक कंपनीची क्लेम स्वीकारायची मुदत वेगळी असते. शिवाय ती बॅच या स्टॉकिस्टने खरेदीच केली नसेल, मेडिकलवाल्याने दुसरीकडून घेतलेला माल इकडे टाकला असेल, तर कंपनी क्लेम नाकारते. आपला सांगलीचा मालक सांगतो, "तिमाहीत ३ लाख १० हजारांचा माल परत आला. क्रेडिट मिळालं २ लाख ३५ हजारांचं." म्हणजे ७५ हजार गेले. आठ टक्के मार्जिन धरलं, तर तेवढे परत कमवायला नऊ लाखांहून अधिक विक्री करावी लागते. नोंदी गोडाऊनमधला एक जुना माणूस वहीत करतो, आणि क्लेमची तारीख त्याच्या लक्षात राहिली तर राहिली.

आता डेमोचा विषय ठरला: हे ७५ हजार. फोन ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट विचारून घ्यायची. डेमोला कोण कोण बसणार आहे? मालक, हिशेब बघणारे अकाउंटंट आणि शक्य असेल तर तो गोडाऊनचा माणूसही. वही त्याच्या हातात आहे, तेव्हा त्याला न विचारता घेतलेलं सॉफ्टवेअर दोन महिन्यांत बंद पडतं.

तयारीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो डेमोचा डेटा. 'एबीसी मेडिकल', 'टेस्ट टॅबलेट', बॅच नंबर १२३ असलं काही पडद्यावर आलं, की समोरच्याला ते आपल्या दुकानाचं वाटत नाही. तारखा तर हमखास शिळ्या झालेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी भरलेल्या डेटात 'येत्या महिन्यात मुदत संपणारा माल' ही यादी कोरी येते, आणि नेमकी तीच दाखवायची असते. जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आजच्या तारखेच्या डेमो-बिलावर अजून १२ टक्के दिसले, तर अकाउंटंट पुढचं काही ऐकत नाहीत, त्यांची नजर त्या आकड्यावरच खिळते. डेमोच्या आदल्या दिवशी तारखा पुढे सरकवायच्या, कर तपासायचा, आणि मालकाने फोनवर ज्या कंपन्यांची नावं घेतली त्यातल्या दोन-तीन कंपन्यांचा माल भरायचा.

प्रत्यक्ष डेमोची पहिली तीन मिनिटं पडदा बंद ठेवून जातात. "परवा तुम्ही सांगितलंत, तिमाहीत ३ लाख १० हजारांचा माल परत आला आणि ७५ हजारांचं क्रेडिट बुडालं. काही कंपन्यांची मुदत निघून गेली आणि काही बॅच तुमच्या नव्हत्याच. हे बरोबर आहे ना? यात काही राहिलं का?" ही उजळणी वगळायचा मोह होतो. पण खोलीतल्या अकाउंटंटने हा आकडा बहुधा पहिल्यांदाच ऐकलेला असतो, आणि ते बोलू लागतात. कधी ते आकडा दुरुस्त करतात, कधी मालकाला माहीत नसलेलं कारण सांगतात. ते बोललेलं लिहून घ्यायचं आणि पुढचं सगळं त्या दुरुस्त आकड्यावर दाखवायचं.

मग थेट शेवटचा स्क्रीन. 'ग्रेट डेमो!' या पुस्तकाचे लेखक पीटर कोहन यांचा आग्रह हाच आहे की शेवटचं काम सर्वांत आधी दाखवा. आपल्या उदाहरणात तो स्क्रीन म्हणजे कंपनीवार क्लेमची यादी: कंपनीचं नाव, क्लेम पाठवायची शेवटची तारीख, किती नग, किती रक्कम, आणि ज्याची मुदत सर्वांत जवळ ते सर्वांत वर. "सकाळी दुकान उघडल्यावर ही यादी बघायची. पहिल्या दोन कंपन्यांचे क्लेम या आठवड्यात गेले नाहीत, तर हे अठरा हजार बुडतील." एवढं बोलून थांबायचं. इथलं थांबणं फार अवघड जातं, कारण शांतता झाली की विक्रेत्याचा हात आपोआप पुढच्या मेनूकडे जातो. पण मालक त्या वेळी ती यादी स्वतःच्या गोडाऊनशी ताडून बघत असतो. त्याला अर्धं मिनिट मिळालं पाहिजे.

त्यानंतर तो विचारतो, "पण ही यादी तयार कशी होते?" आता पुढची दहा मिनिटं त्याच्या प्रश्नावर चालतात. दाखवायच्या पायऱ्या दोनच. खरेदीच्या बिलाची नोंद करताना बॅच आणि मुदत कशी येते, ही पहिली. मेडिकलवाल्याकडून परत आलेली स्ट्रिप घेताना बॅच नंबर टाकला की मूळ खरेदीचं बिल कसं समोर येतं, ही दुसरी. इथे मुद्दाम एक अशी बॅच टाकायची जी या स्टॉकिस्टने घेतलेलीच नाही. काउंटरवरच पडद्यावर 'खरेदी सापडत नाही' असं दिसतं आणि माल घ्यायचा की नाही ते तिथल्या तिथे ठरवता येतं. हे बघताना गोडाऊनचा माणूस बहुधा पहिल्यांदा तोंड उघडतो: "अर्धी कापलेली स्ट्रिप आली तर?" त्याचं उत्तर करून दाखवायचं, आणि शक्य असेल तर कीबोर्ड त्याच्याच हातात द्यायचा.

विसाव्या मिनिटाच्या आसपास प्रश्नांना फाटे फुटतात. अकाउंटंट विचारतात, "परत जाणारा माल क्रेडिट नोटवर दाखवता की नवीन बिलावर?" हा प्रश्न रास्त आहे. मुदत संपलेल्या औषधांच्या परतीसाठी जीएसटीच्या २०१८च्या परिपत्रकात दोन्ही मार्ग दिलेले आहेत, आणि कंपनीगणिक रीत बदलते. तो आपल्या विषयातलाच आहे, म्हणून लगेच दाखवायचा. पण मालकाने "मोबाइलवर ऑर्डर घेता येते का?" असं विचारलं, तर 'येते' एवढं सांगून कागदावर टिपून ठेवायचं आणि शेवटी त्याच्याकडे परत यायचं. या एका प्रश्नासाठी मोबाइल ॲप उघडलं, की उरलेली दहा मिनिटं त्यातच जातात आणि क्लेमचा विषय मागे पडतो.

डेमो घसरतोय हे कसं ओळखायचं? सात-आठ मिनिटं कुणी काही विचारलं नाही, ही पहिली खूण. "आणखी काय काय आहे?" हा प्रश्न उत्साहाचा वाटतो, पण आतापर्यंतचं लागू पडलेलं नाही असाच त्याचा अर्थ बहुधा असतो. अशा वेळी पुढचा मेनू न उघडता हात कीबोर्डवरून काढावा आणि विचारावं, "आत्तापर्यंतचं तुमच्या कामाला बसत नाहीये का? कुठे अडतंय?" उलट, ते आपल्याला सोडून आपसात बोलू लागले, 'ती वही मग बंद करायची का' यावर वाद घालू लागले, तर मध्ये बोलू नये.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. सरकारी निविदेत प्रत्येक सोयीला गुण असतात, तिथे यादीप्रमाणे सगळं दाखवावंच लागतं. आधी बोलणंच झालं नसेल, तर अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं प्रश्नांना द्यावी आणि एकच गोष्ट दाखवावी. आणि सॉफ्टवेअरला जे जमत नाही ते त्याच दिवशी सांगून टाकावं. आपल्या उदाहरणात मुदत चुकल्यामुळे गेलेले पैसे वाचतील, परकी बॅच काउंटरवर अडेल. पण कंपनीने तिच्या धोरणामुळे क्लेम कापला, तर कोणताही प्रोग्राम तो मिळवून देणार नाही. म्हणून 'तुमचे ७५ हजार वाचतील' असं म्हणू नये. त्यातला किती भाग मुदतीमुळे गेला ते अकाउंटंटकडूनच काढून घ्यावं आणि तेवढ्याचीच भाषा करावी.

शेवटच्या पाच मिनिटांत किंमत येते, पण त्याआधी पुढची पायरी ठरवून घ्यायची. 'विचार करून सांगा' असं म्हणून उठू नये. "दोन कंपन्यांची गेल्या तीन महिन्यांची खरेदीची बिलं द्या. पुढच्या बुधवारी तुमच्याच मालाची यादी दाखवतो. तुमच्या वहीत नसलेला एखादा क्लेम त्यात निघाला, तर पुढचं बोलू." बिलं कोण देणार, कधीपर्यंत देणार, हे मालकाने तिथेच ठरवलं तर डेमो लागू पडला. "बघू, पाठवतो" असं म्हणाला, तर गाडीत बसण्याआधी अकाउंटंटना बाजूला घेऊन विचारावं की अडचण नक्की कुठे आहे.