एक मोहरा जास्त आहे, आता पुढे?

बुद्धिबळात प्रतिस्पर्ध्याचा घोडा किंवा उंट फुकटात मिळाला की पुष्कळांना डाव खिशात पडल्यासारखं वाटतं. हातातले डाव निसटतात ते नेमके इथून पुढे.

एक स्थिती पटावर मांडून पाहा. पांढऱ्याचा राजा जी१वर, हत्ती ए१वर, घोडा डी४वर आणि प्यादी बी३, एफ२, जी२, एच२वर. काळ्याचा राजा जी८वर, हत्ती सी८वर आणि प्यादी ए७, एफ७, जी७, एच७वर. प्यादी सारखीच, पांढऱ्याकडे घोडा जास्त. खेळी पांढऱ्याची.

ए७वरचं प्यादं आयतं मिळतंय. पण हत्तीने ते प्यादं मारलं, की काळा हत्ती सी१वर येतो आणि पांढऱ्यावरच मात होते. राजासमोर त्याचीच तीन प्यादी भिंतीसारखी उभी आहेत, आणि मध्ये पडायला कुठलाही मोहरा पोचत नाही. म्हणून मोहरा जास्त असताना मला काय मिळेल, याआधी समोरचा काय करू शकेल हे पाहायला हवं. त्याचे सगळे शह आणि सगळ्या मारामाऱ्या एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

इथली चांगली खेळी साधी आहे: घोडा ई२वर. तिथून तो सी१ राखतो, म्हणजे मातीची भीती गेली आणि ए७वर मारा तसाच राहिला. समजा काळ्याने हत्ती सी७वर आणून प्यादं वाचवलं. आता पांढरा हत्ती सी१वर येतो आणि अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवतो. काळा हत्ती बाजूला सरकला तर सी८वर शह बसतो आणि मात टळत नाही. म्हणून त्याला हत्ती मारावाच लागतो आणि घोडा तो परत मारतो. काळ्याकडे आता हल्ला करायला एकही मोहरा उरला नाही. चार प्याद्यांविरुद्ध चार प्यादी आणि वर एक घोडा, असा हा डाव सावकाश खेळूनही जिंकता येतो.

अदलाबदल मोहऱ्यांची करावी, प्याद्यांची मात्र हात राखून. नुसत्या राजा आणि घोड्याने किंवा राजा आणि उंटाने मात होत नाही. जिंकण्यासाठी एखादं प्यादं वजीर व्हायला हवं. हरणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो प्यादी भिडवून भिडवून मारत राहतो आणि शेवटचं प्यादं उडवायला आपला मोहराही देऊन टाकतो. तसं झालं की बरोबरी.

उंट जास्त असेल तर कडेच्या प्याद्यावर फार विसंबू नये. समजा पांढऱ्याचं एकच प्यादं ए-स्तंभात उरलं. ते ए८वर वजीर होणार, आणि ए८ हे पांढरं घर. उंट काळ्या घरांचा असेल, तर ए८च्या कोपऱ्यात बसलेल्या काळ्या राजाला तो तिथून हुसकावूच शकत नाही. पांढरा फार जवळ गेला तर काळ्याला खेळीच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. प्यादी मारताना मधलं एखादं राखलं, तर हा प्रसंग येत नाही.