विश्लेषण : पुणे, जर्मनी, कॅलिफोर्निया… मीटिंगची वेळ नेमकी कुणाच्या घड्याळाने ठरते?

२०२६ मध्ये युरोपातील घड्याळे २५ ऑक्टोबरला एक तास मागे येतील. अमेरिकेतील घड्याळे त्यानंतर आठवड्याने, १ नोव्हेंबरला मागे येतील. भारतातील घड्याळे जिथल्या तिथे राहतील. परदेशी सहकाऱ्यांबरोबर दर आठवड्याला ऑनलाइन मीटिंग करणाऱ्या पुणे, मुंबई, नाशिकमधील कर्मचाऱ्यांसाठी वर्षातला सर्वाधिक गोंधळाचा काळ हाच असतो. कुणी तासभर आधी येऊन रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसते, तर कुणी मीटिंग संपता संपता पोहोचते. त्यानंतर पुढचे चार महिने कोणाची तरी मीटिंग रात्री साडेनऊला सुरू होते आणि ती वेळ नक्की कोणी ठरवली, हे कोणालाच सांगता येत नाही.

एकाच आठवड्यात तीन वेळा का बदलतात?

उदाहरणादाखल एक टीम घेऊ. सहा जण पुण्यात, दोघे जर्मनीत म्युनिकला आणि तिघे कॅलिफोर्नियात सॅन होजेला. दर मंगळवारी तिन्ही ठिकाणचे लोक तासभर एकत्र बसतात. उन्हाळ्यात पुणे जर्मनीच्या साडेतीन तास आणि कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असते. हिवाळ्यात हेच अंतर अनुक्रमे साडेचार आणि साडेतेरा तास होते. दोन्ही देश एकाच दिवशी घड्याळ बदलत असते तर हिशेब सोपा होता. पण युरोपीय महासंघात बदलाचे दिवस मार्च आणि ऑक्टोबरचे शेवटचे रविवार आहेत. अमेरिकेत ते मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार आहेत. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा असा येतो, की एका देशाचे घड्याळ बदललेले असते आणि दुसऱ्याचे बदलायचे असते.

भारतीय कर्मचाऱ्यांच्या हे लक्षात राहत नाही, याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात काही वर्षे घड्याळे तासभर पुढे केली होती, तेवढा अपवाद सोडला तर आपल्याकडे उन्हाळी-हिवाळी वेळेची सवयच नाही. ‘अमेरिका साडेबारा तास मागे’ हे एकदा पाठ झाले की ते कायमचे खरे वाटते.

इन्व्हाइट कोणी पाठवला, यावर इतके काय अवलंबून?

जवळजवळ सगळे. दर आठवड्याला आपोआप येणारी मीटिंग कॅलेंडरमध्ये नुसत्या वेळेने साठवली जात नाही. त्या वेळेला एका ठिकाणाचे नाव जोडलेले असते. आपल्या टीमची २७ ऑक्टोबरची मीटिंग पुण्यातल्या टीम लीडने तयार केली, तर इन्व्हाइटच्या फाइलमध्ये सुरुवातीची ओळ अशी असेल:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20261027T203000
```

तीच मीटिंग सॅन होजेच्या मॅनेजरने तयार केली तर अशी:

```
DTSTART;TZID=America/Los_Angeles:20261027T080000
```

२७ ऑक्टोबरला या दोन्ही ओळी एकच क्षण दाखवतात. पुण्यात रात्रीचे साडेआठ, कॅलिफोर्नियात सकाळचे आठ. म्युनिकमध्ये मात्र दुपारचे चार, कारण तिथले घड्याळ दोन दिवसांपूर्वी मागे गेले आहे. आदल्या मंगळवारी, २० तारखेला, हीच मीटिंग तिथे संध्याकाळी पाचला होती. दुपारी साडेचारला मुलाला पाळणाघरातून आणणाऱ्या म्युनिकच्या सहकाऱ्यासाठी हा तास महत्त्वाचा आहे. पाचची मीटिंग तो घरून करत होता. चारची मीटिंग बरोबर पाळणाघराच्या वेळेवर येते.

खरा फरक पडतो तो ३ नोव्हेंबरला. पुण्याचा इन्व्हाइट असेल तर पुण्यात रात्रीचे साडेआठ कायम राहतात आणि कॅलिफोर्नियातील मंडळींना सकाळी सातला लॅपटॉप उघडावा लागतो. कॅलिफोर्नियाचा इन्व्हाइट असेल तर त्यांचे आठ कायम राहतात, म्युनिकचे पुन्हा पाच होतात आणि पुण्यात साडेनऊ वाजतात. सहा जणांचे जेवण, मुलांची झोप, घरातल्या ज्येष्ठांची औषधे हे सगळे तासभर पुढे ढकलले जाते. वाद होत नाही, कारण कोणी काही बदललेलेच नसते. बदल सॉफ्टवेअरने केला आणि त्याने फक्त जोडलेल्या ठिकाणाचे नाव पाळले.

मुख्यालय अमेरिकेत असल्याने मीटिंगही बहुधा तिकडचेच कोणी तयार करते. ‘भारतातल्या लोकांना रात्रीची सवय असते’ ही समजूत या साध्या तांत्रिक गोष्टीतून बरीचशी पोसली जाते. त्यात एक कायदेशीर बाजूही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार महिला कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम द्यायचे तर त्यांची संमती, सुरक्षिततेची आणि वाहतुकीची व्यवस्था लागते. हिवाळ्यात सरकलेली मीटिंग नेमकी त्या साडेनऊच्या रेषेवर सुरू होते. त्यामुळे कार्यालयात थांबून ती करायची असेल तर मॅनेजरला हे आधी माहीत असायला हवे.

मग पुण्याची वेळ कायम धरावी का?

हिशेबाच्या दृष्टीने ते सोयीचे आहे. भारताचे घड्याळ हलत नसल्याने भारतीय वेळ धरली की मीटिंग जगाच्या प्रमाणवेळेला, म्हणजे यूटीसीला, बांधल्यासारखीच होते. पण सोय आणि न्याय एक नव्हेत. कॅलिफोर्नियात सकाळी सात ही मुलांना शाळेसाठी तयार करण्याची वेळ असते. त्यांच्यावर ती न विचारता येऊन पडली, तर कालपर्यंत पुण्याची जी तक्रार होती ती आज त्यांची होते.

तिघांनाही सोयीची वेळ इथे अस्तित्वातच नाही, हे आधी मान्य केलेले बरे. म्युनिक आणि सॅन होजे यांच्यात नऊ तासांचे अंतर आहे. म्युनिकचा दिवस संपताना सॅन होजेचा सुरू होतो आणि त्या वेळी पुण्यात रात्र झालेली असते. हे गणित कोणत्याही अ‍ॅपने सुटणारे नाही. म्हणून आधी प्रश्न हा असावा, की तिघांनी दर आठवड्याला एकत्र बसणे खरेच गरजेचे आहे का? पुणे आणि म्युनिक यांना भारतीय दुपार आरामात मिळते. हिवाळ्यात पुण्यातले दुपारचे दोन म्हणजे म्युनिकचे सकाळचे साडेनऊ. पुणे आणि कॅलिफोर्नियासाठी हिवाळ्यात उलटी बाजूही उघडते. पुण्यात बुधवारी सकाळी साडेआठ वाजता तिकडे मंगळवारचे संध्याकाळचे सात असतात. म्युनिकमध्ये तेव्हा पहाटेचे चार असल्याने त्यांना बोलावू नये. झालेल्या निर्णयांची टिपणे पाठवावीत.

प्रस्ताव पाठवायचा कसा?

‘मंगळवारी ८:३० IST चालेल का?’ एवढाच मेल जातो आणि तिथेच चुकीला सुरुवात होते. IST हे भारताबरोबरच आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेचेही संक्षिप्त रूप आहे. शिवाय हे आठ सकाळचे की रात्रीचे, हे कळत नाही. PST हे तर वर्षभर लिहिले जाते, जरी उन्हाळ्यात तिथे PDT लागू असले तरी. संक्षेप टाळून शहराचे नाव, वार आणि तारीख लिहिली की हे सगळे प्रश्न संपतात. वार लिहिणे अनावश्यक वाटते, पण पुण्यातली सोमवारची सकाळ म्हणजे कॅलिफोर्नियातला रविवारचा संध्याकाळचा वेळ आणि तिकडची शुक्रवारची सकाळ म्हणजे इकडची शुक्रवारची रात्र. ज्याचा वार बदलतो त्याच्या ते लगेच ध्यानात येते, पाठवणाऱ्याच्या येत नाही.

आपल्या टीम लीडने ऑक्टोबरच्या मध्यावर पाठवायचा मेल इंग्रजीतच असेल, पण त्याचा आशय साधारण असा हवा:

‘१ नोव्हेंबरपासून आपल्या मंगळवारच्या मीटिंगची वेळ बदलते आहे, म्हणून आताच विचारतो आहे. पहिला पर्याय : सॅन होजे सकाळी ७, म्युनिक दुपारी ४, पुणे रात्री ८:३०. यात सॅन होजेला लवकर उठावे लागेल आणि म्युनिकला पाळणाघराची अडचण येऊ शकते. दुसरा पर्याय : सॅन होजे सकाळी ८, म्युनिक संध्याकाळी ५, पुणे रात्री ९:३०. यात आमच्याकडे उशीर होतो. तिसरा : एक आठवडा पहिल्या वेळेला तिघे, पुढच्या आठवड्यात फक्त सॅन होजे आणि पुणे, मंगळवारी तुमच्याकडे संध्याकाळी ७, आमच्याकडे बुधवारी सकाळी ८:३०. यातले काहीच जमत नसेल तर कारण न देता तसे कळवले तरी चालेल. शुक्रवारपर्यंत उत्तर आले तर मी इन्व्हाइट बदलेन.’

या मेलमधला महत्त्वाचा भाग म्हणजे प्रत्येक पर्यायात त्रास कोणाला हे स्पष्ट लिहिणे. नुसते ‘तुम्हाला जे सोयीचे’ म्हटले की समोरचा संकोचतो. बहुतेक वेळा ज्याचे पद खालचे, तोच ‘माझे काही नाही’ म्हणून मोकळा होतो. पुण्याचा स्वतःचा त्रासही त्यात लिहिलेला असावा. तो लपवला तर पुढच्या वर्षी तो कोणी गृहीतच धरत नाही.

कॅलेंडरमधली रिकामी जागा बघून वेळ टाकणे ही दुसरी नेहमीची चूक. सकाळी सात वाजता कोणाच्याच कॅलेंडरमध्ये काही नसते. याचा अर्थ तो मोकळा आहे असा नाही. गुगल कॅलेंडरमध्ये प्रत्येकाला आपले कामाचे तास नोंदवता येतात आणि आउटलुकच्या शेड्यूलिंग असिस्टंटमध्ये त्या तासांबाहेरचा भाग वेगळ्या रंगात दिसतो. मात्र टीममधल्या प्रत्येकाने ते तास भरले असतील तरच याचा उपयोग. दुसरी सोय अधिक कामाची आहे. गुगल कॅलेंडर आणि आउटलुक दोन्हींत आपल्या वेळेच्या शेजारी आणखी एका ठिकाणाची वेळ कायम दिसत राहील अशी सेटिंग असते. सॅन होजेची वेळ तिथे ठेवली की रात्री साडेआठच्या रेषेसमोर तिकडचे किती वाजलेत, हे पाठांतराने ठरवावे लागत नाही.

इन्व्हाइट बदलताना शेवटी एक गोष्ट तपासावी. वेळेच्या खाली कोणत्या ठिकाणाचे नाव आहे? पहिला किंवा तिसरा पर्याय ठरला आणि इन्व्हाइट अमेरिकेतल्या ठिकाणाशी बांधलेला राहिला, तर १४ मार्च २०२७ नंतर पुण्याची रात्रीची मीटिंग आपोआप साडेसातवर येईल आणि तिसऱ्या पर्यायातली सकाळची साडेआठची मीटिंगही साडेसातची होईल. म्युनिकचे घड्याळ त्यानंतर दोन आठवड्यांनी, २८ मार्चला पुढे जाईल. तोवर तिथे ती मीटिंग चारऐवजी दुपारी तीनला पडेल. म्हणून ऑक्टोबरच्या मेलबरोबरच मार्चच्या पहिल्या आठवड्यातही टीम लीडच्या कॅलेंडरमध्ये एक आठवण टाकलेली असावी, हाच मेल नव्या आकड्यांसह पुन्हा पाठवण्याची.