हळदीतलं शिसं आणि बिस्मथची साक्ष

हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळण्याचा प्रकार नवा नाही. बांगलादेशात 2019 साली संशोधकांनी तो उघडकीस आणला. भारतात हळदीच्या पुडीत शिशाची कमाल मर्यादा किलोला 10 मिलिग्रॅम आहे. इतकं कमी शिसं मोजायचं, तर आधी हळदीचं पाण्यासारखं नितळ द्रावण व्हायला हवं.

प्रयोगशाळेत अर्धा ग्रॅम पूड टेफ्लॉनच्या जाड नळीत तोलून घेतात आणि तिच्यावर सुमारे आठ मिलिलिटर तीव्र नायट्रिक आम्ल घालतात. तेल आणि स्टार्चशी आम्लाची गाठ पडताच फेस येतो, तांबूस वाफा निघतात. म्हणून झाकण लगेच आवळत नाहीत, पंधरा मिनिटं नळी तशीच उघडी ठेवतात. ही घाई पुढे महागात पडते, कारण बंद नळीत अचानक दाब वाढला की सुरक्षा-झाकणातून वाफ निसटते आणि तिच्याबरोबर नमुन्याचे थेंबही जातात. उघड्या भांड्यात हे आम्ल 120 अंशांच्या आसपास उकळून उडून जातं. मायक्रोवेव्हमधल्या बंद नळीत मात्र ते 200 अंशांपर्यंत चढतं आणि वनस्पतीचा बहुतेक कार्बन जाळून टाकतं. नळी पूर्ण निवल्यावरच उघडायची. द्रावण फिकट, नितळ दिसलं तर काम झालं. गडद पिवळं किंवा तेलकट असेल तर पचन अर्धवट आहे. तळाशी पांढरे कण राहिले, तर ती बहुधा वाळूची सिलिका असते. ती नायट्रिक आम्लाला दाद देत नाही.

द्रावण 50 मिलिलिटर केलं की हळद शंभरपट विरळ होते. म्हणजे मर्यादेवरचं शिसं लिटरला 100 मायक्रोग्रॅम. मात्र आयसीपी-एमएस यंत्राच्या ज्वाळेसारख्या तप्त प्लाझ्मात हळदीतलं पोटॅशियम आणि उरलेले क्षारही शिरतात, तोंडाच्या बारीक छिद्रांवर साचतात आणि संकेत मंदावतो.

इथे इंटरनल स्टँडर्ड कामाला येतं. प्रत्येक प्रमाणित द्रावणात आणि नमुन्यात बिस्मथ सारख्याच प्रमाणात घालतात. समजा, नमुन्यात बिस्मथ 80 टक्केच दिसला आणि शिसं 80 मायक्रोग्रॅम. दोघं सारखेच दबले असं धरून 80 ला 0.8 ने भागायचं, की खरा आकडा 100 येतो.

बिस्मथच का? त्याचं वस्तुमान 209, शिशाचं प्रमुख वस्तुमान 208, आणि प्लाझ्मात आयन होण्याची दोघांची सवयही जवळपास सारखी. हलकं स्कँडियम निवडलं तर ते वेगळ्या प्रमाणात दबतं. शिवाय ते मातीतही असतं. हळदीला माती चिकटलेली असली तर नमुन्याचं स्वतःचं स्कँडियम मोजणीत मिसळतं आणि शिसं खऱ्यापेक्षा कमी दिसतं. म्हणून काहीही न घालता एकदा नमुना चालवून निवडलेलं मूलद्रव्य त्यात मुळात नाही ना, हे पाहतात.

बिस्मथ एक गोष्ट मात्र सांगू शकत नाही. तो शेवटी, विरळ करताना घातला असेल, तर पचनातच निसटलेल्या शिशाची त्याला कल्पनाच नसते. त्यासाठी आम्लासकट नळीचं वजन मायक्रोवेव्हआधी आणि नंतर करतात. एक टक्क्याहून जास्त घटलं, तर ती नळी बाद करून नवी पूड तोलतात.