घामोळे की नायटा?

अंगावर काहीही लाल उठले की त्याचे एक कारण आपल्याकडे जिभेवर तयारच असते : उष्णता! पाठीवर बारीक पुळ्या आल्या, उष्णता. जांघेत आग होऊ लागली, उष्णता. करगोट्याखाली खाज सुटली, तीही उष्णताच. मग सब्जा भिजत पडतो, गुलकंदाची बरणी खाली उतरते आणि एवढ्यावर भागले नाही, तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' येते. शब्द एक आहे म्हणून दुखणेही एकच असेल, हा समज मात्र फार महाग पडतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामामुळे कातडीला जडणारी दुखणी निदान तीन आहेत. तिन्हींची जात निराळी, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चक्क खतपाणी घालते.

पहिले घामोळे. आपल्या कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात आणि प्रत्येकीची एक बारीक नळी वर येऊन उघडते. कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो आणि जाताना अंग गार करतो. दमट हवेत तो उडत नाही, अंगावरच राहतो. तासन्‌तास भिजलेली कातडी, कपडे धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी, फुगते. त्या फुगवट्याने नळीचे तोंड बुजते. आत घाम तयार होतच असतो. वाट न मिळाल्यामुळे तो कातडीच्या आतच पाझरतो आणि तेथे टोचल्यासारखी आग होते. पाठ, मान, छाती, पोट अशा कपड्याने झाकलेल्या भागावर मोहरीहून लहान असे सुटेसुटे तांबडे दाणे उठतात. तळहात-तळपायांवर घामोळे येत नाही. तान्ह्या मुलाला दुपट्यात घट्ट गुंडाळले, की त्याच्या मानेवर आणि कपाळावर ते हटकून दिसते.

घामोळ्यावरचा खरा उपाय मलम हा नव्हेच. गारवा हा आहे. दिवसातले काही तास पंख्याखाली, सैल सुती कपड्यात, घाम न येता काढले, की नळ्यांना उसंत मिळते. दाणे काही दिवसांतच बसू लागतात. फार चुणचुणले तर कॅलामाइन लावावे. तेल किंवा तुपकट मलम लावू नये. बुजलेल्या तोंडावर आणखी एक झाकण बसते. पावडरीने क्षणभर बरे वाटते, पण घामात तिचा चिखल होतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : घामोळ्याने सगळी पाठ आणि छाती भरली असेल, तर तेवढ्या भागातून घाम बाहेर पडत नाही. अशा माणसाने उन्हात कष्ट केले तर त्याला ऊन लवकर बाधते.

दुसरे दुखणे म्हणजे घडीत सोलवटणे. काख, जांघ, स्तनांखालची जागा, सुटलेल्या पोटाची वळी, बाळाच्या मानेची वळी : जेथे कातडीला कातडी लागते, हवा जात नाही आणि चालताना घर्षण होते, तेथे ते होते. घडी उघडून पाहिली तर दोन्ही बाजू सारख्याच लाल दिसतात. जणू एकीचा ठसा दुसरीवर उठला आहे. कातडी ओली, मऊ, कधी पांढुरकी होते आणि खाजेपेक्षा आग अधिक असते. घडी धुऊन, घासून नव्हे तर टिपून कोरडी करावी, मध्ये स्वच्छ सुती फडक्याची पट्टी ठेवावी आणि झिंकचे मलम पातळ लावावे. पण तांबडेपणा गडद होऊन मुख्य डागाबाहेर बारीक पुवाळलेल्या पुळ्या विखुरल्या, तर तेथे कॅंडिडा नावाची बुरशी शिरली आहे असे समजावे आणि डॉक्टर गाठावा. हे वारंवार होऊ लागले तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली चाहूल कित्येकांना अशा घडीतूनच लागते.

तिसरा नायटा. यालाच गजकर्ण म्हणतात. हा संसर्ग आहे, आणि तोही बुरशीचाच. पण ही बुरशी कातडीच्या अगदी वरच्या मेलेल्या थरावर जगते. ती मधून बाहेर पसरत जाते, आणि म्हणून नायट्याची खूण त्याच्या काठात असते. काठ उंचावलेला, तांबडा आणि कोंडा सुटलेला. मधला भाग मात्र निवळलेला, थोडा काळसर. जांघेतला नायटा मांडीवर कमानीसारखा उतरतो आणि पुरुषांत अंडकोषाची कातडी बहुधा वगळतो. कॅंडिडा ती वगळत नाही. घामोळ्याला काठ नसतो. सोलवटलेल्या घडीला काठ असला तरी त्यावर असा कोंडा नसतो. एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले.

आता हे निदान कोठे फसते, ते माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या हकिगतीवरून सांगतो. वय अडतीस. रोज सकाळी डोंबिवलीहून लोकलने मुंबईला कचेरीत जायचे आणि रात्री परतायचे. अंगात तंग जीन, आत तंग अंतर्वस्त्र, आणि पावसाळ्यात दोन्ही दिवसभर दमट. जूनमध्ये त्यांच्या डाव्या जांघेत रुपयाएवढा डाग उठला. 'उष्णता' असे निदान घरीच झाले. दुकानदाराने एक ट्यूब दिली. दोन दिवसांत खाज गेली, चौथ्या दिवशी लाली गेली, पाचव्या दिवशी ट्यूब कपाटात गेली. पंधरवड्याने डाग परत आला, तो तळहाताएवढा. पुन्हा तीच ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा पुनरागमन. ऑक्टोबर उजाडेतो दोन्ही जांघा, कंबर आणि नितंब व्यापले गेले आणि पत्नीच्याही कमरेवर वर्तुळे दिसू लागली.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधे होती : एक बुरशीविरुद्ध, एक जंतूंविरुद्ध आणि तिसरे जालीम स्टेरॉइड. सारा घोळ या तिसऱ्याचा. लाली आणि खाज ही बुरशीची करणी नसून बुरशीशी लढणाऱ्या आपल्याच शरीराची असते. स्टेरॉइड त्या लढाईलाच गप्प बसवते. खाज थांबते, रोगी खूश होतो आणि पहारा उठलेल्या रानात बुरशी निवांत पसरते. शिवाय नायट्याची ओळख पटवणारा तो काठच पुसला जातो. ब्रिटनमधल्या त्वचातज्ज्ञांनी 1968 साली या अवस्थेला 'टिनिया इन्कॉग्निटो' असे नाव दिले. आपल्या भाषेत याला अज्ञातवासातला नायटा म्हणायला हरकत नाही. तो घरातच वावरत असतो, पण वेष पालटून.

त्वचातज्ज्ञांनी त्यांचे अंग नीट पाहिले, मग म्हणाले, "मोजे काढा बघू."

"अहो डॉक्टर, दुखणे जांघेत आहे!" गृहस्थ म्हणाले.

"आणि पायांच्या बोटांत काय आहे?"

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या. त्यांतही तीच बुरशी असते. अंतर्वस्त्र पायातून वर चढवताना ती जांघेपर्यंत आयती पोहोचते. म्हणून पाय बरे होईतो आधी मोजे घालावेत आणि मग अंतर्वस्त्र.

मग डॉक्टरांनी बोथट पात्याने डागाच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि काही वेळाने ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कातडीच्या पेशी विरघळून गेल्या होत्या आणि त्यांतून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले बुरशीचे तंतू स्पष्ट दिसत होते. परीक्षा एवढीच. नायटा हट्टी असेल, तर ती करून घ्यावी.

जुनी ट्यूब बंद झाली. पहिल्या आठवड्यात खाज उलट वाढली. डॉक्टरांनी ते आधीच सांगितले होते, म्हणून गृहस्थ टिकले. अनेकजण नेमके येथेच कपाट उघडतात. पोटात इट्राकोनॅझोलच्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागल्या. हृदय किंवा यकृत दुबळे असेल, तर हे औषध धोक्याचे ठरते, म्हणून ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे. वरून निव्वळ बुरशीविरोधी मलम, दिवसातून दोनदा, काठाच्या आतून नव्हे तर काठाबाहेर दोन बोटे जागा सोडून तेथून आत. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डाग दिसेनासा झाल्यावरही मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवायचे, कारण डोळ्यांना दिसणारा डाग आधी जातो आणि बुरशी मागाहून. पत्नीवरही उपचार त्याच दिवशी सुरू झाले. टॉवेल निराळे झाले, अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, उलटी करून इस्त्रीखालून जाऊ लागली. पावसाळ्यात दोरीवर अर्धवट वाळलेला कपडा अंगात घालणे बंद झाले आणि कमरेचा काळा करगोटाही निघाला. तो वर्षानुवर्षे ओला राहतो आणि खाली बुरशी सांभाळतो.

तीन महिन्यांनी कातडी स्वच्छ झाली. जांघेत मात्र गरोदरपणी पोटावर उमटतात तसे वळ राहिले आहेत. ते बुरशीचे नव्हेत, स्टेरॉइडचे. त्याने कातडी पातळ होऊन आतून फाटते. असे वळ कालांतराने फिकटतात, पण जात नाहीत.

अशी प्रकरणे आता अपवादात्मक उरलेली नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभरचे त्वचातज्ज्ञ हट्टी नायट्याची तक्रार करीत आहेत. 2020 साली जपानी संशोधकांनी तेथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या कातडीवरील बुरशी वेगळी ओळखून तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. 2018 साली सरकारने बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. पण कायदा चिठ्ठी मागतो आणि शेजारी ट्यूब देतो! तेव्हा ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ती नायट्यावर लावायची नाही. स्टेरॉइड काही मुळात दुष्ट नव्हे. इसबासारख्या दुखण्यात डॉक्टर तेच देतात आणि गुण येतो. ते चुकीच्या दारी गेले, की अनर्थ करते.

हा अंक हाती पडेल तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा पुरता सरलेला नसेल आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानाची तयारी चालू असेल. अंगावर घामोळे असेल तेथे तेल चोळू नये आणि उटणे खरखरा घासू नये. घरात कोणाला नायटा असेल, तर त्याचा पंचा त्या दिवशीही वेगळाच असू द्यावा. आणि नवे कपडे अंगावर चढवण्यापूर्वी काखा, जांघा आणि पायांच्या बेचक्या कोरड्या टिपून घ्याव्यात. तेवढ्यात दिव्याच्या उजेडात एकदा पाहूनही घ्यावे : सुटे दाणे आहेत, दोन्हीकडे सारखी सोललेली घडी आहे, की कोंड्याचा काठ असलेले वर्तुळ? वर्तुळ दिसले, तर कपाटातल्या ट्यूबकडे हात जाऊ नये.